एक रुपयाच्या ट्रायलमागची परवानगी

अगं, तू पाठवलेला बिलाचा फोटो मी नीट पाहिला. आईची औषधं ८४० रुपयांची, घरपोच आणायचे ४९ रुपये खोडलेले, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: सदस्यत्व, ७ दिवसांची ट्रायल, १ रुपया. एकूण ८४१. तू म्हणालीस, "ताई, मी तर फक्त औषधं मागवली होती, ते सदस्यत्व कुठून आलं?" आणि पुढे असंही म्हणालीस की जाऊ दे, एक रुपयाच तर गेला.

त्या रुपयाची मलाही चिंता नाही. मला काळजी आहे ती पैसे भरताना तू जो पिन टाकलास त्याची. त्या एका पिनमध्ये दोन कामं झाली. ८४१ रुपये गेले हे एक. आणि पुढे वेळोवेळी तुझ्या खात्यातून पैसे काढायची परवानगी तू त्या कंपनीला दिलीस हे दुसरं. बँकेत आम्ही तिला मँडेट म्हणतो, तुझ्या फोनवर ती ऑटोपे या नावाने दिसते. इतकी वर्षं काउंटरवर बसून पाहते आहे, लोक पासबुक घेऊन येतात आणि बोट ठेवून विचारतात की हे ३९९ कसले? बहुतेक वेळा ट्रायल त्यांना आठवत असते, परवानगी दिल्याचं मात्र अजिबात आठवत नाही.

आधी हे सदस्यत्व तुझ्या नजरेतून कसं निसटलं ते समजून घे, कारण यात तुझा वेंधळेपणा नाही. आपण बिलाची शेवटची रक्कम बघतो आणि ती वाढली तरच थबकतो. इथे ती वाढली नाही, उलट कमी झाली. सदस्यत्वाशिवाय तुला ८४० आणि ४९ मिळून ८८९ द्यावे लागले असते. १ रुपयाचं सदस्यत्व टोपलीत टाकलं, पोचवण्याचा खर्च माफ केला आणि आकडा ८४१ वर आणला. स्वस्त झालेल्या बिलाची कोण चौकशी करतं? ४९ रुपये वाचल्याच्या हिरव्या पट्टीखाली "नंतर दर ३ महिन्यांना ३९९ रुपये" ही ओळ करड्या रंगात होती. मी फोटो मोठा करून वाचली तेव्हा दिसली.

आता हिशेब मांड. आईची औषधं तू महिन्यातून एकदा मागवतेस. प्रत्येक वेळी ४९ रुपये दिलेस तरी वर्षाचे ५८८ होतात. सदस्यत्वाचे वर्षाला चार वेळा ३९९, म्हणजे १,५९६. आठवड्याला काही ना काही मागवणाऱ्या घराला ते परवडत असेलही, आपल्याला परवडत नाही. शिवाय गोलबाजारातल्या दुकानातून तू चालत जाऊन औषधं आणू शकतेस, हे वेगळंच. तेव्हा रद्द करायचं हे ठरलं. प्रश्न कधी आणि कसं एवढाच.

कधी, हे आधी. तू ३ तारखेला दुपारी मागणी नोंदवलीस. ७ दिवस म्हटल्यावर आपण मनात १० तारीख धरतो आणि १० ला संध्याकाळी निवांत बसून बघू म्हणतो. तिथेच पैसे जातात. ट्रायल मागणीच्या क्षणापासून मोजतात, आणि ऑटोपेची वसुली दिवसा गर्दीच्या वेळी न होता बरेचदा सकाळी दहाच्या आधी उरकलेली असते. तू आईला चहा देत असशील तेवढ्यात १० तारखेचे पैसे गेलेले असतील. ॲपलच्या फोनवरून घेतलेल्या ट्रायलसाठी तर ती कंपनी स्वतःच सांगते की मुदत संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करा. म्हणून आपण ८ तारीख धरायची, दोन दिवस हातात ठेवून. कॅलेंडरमध्ये ८ तारखेला सकाळची आठवण लाव आणि त्यात कंपनीचं नाव आणि ३९९ हा आकडा लिही. नुसतं "ट्रायल" लिहिलंस तर त्या दिवशी कसली ट्रायल हेच आठवणार नाही.

खरं तर आजही रद्द करता येईल. बहुतेक ठिकाणी आज रद्द केलं तरी उरलेले दिवस सेवा चालू राहते. काही ठिकाणी मात्र ट्रायल रद्द करताच ती तिथल्या तिथे बंद होते, म्हणून रद्द करताना पडद्यावर शेवटची तारीख काय दाखवतात ते वाच. तुला त्या सात दिवसांत दुसरं काही मागवायचं नाहीच, तेव्हा मी म्हणेन की आजच कर.

आता कसं. इथे दोन दारं आहेत आणि दोन्ही लावायची आहेत. एक दार कंपनीकडचं, म्हणजे सदस्यत्व. दुसरं तुझ्या बँकेकडचं, म्हणजे मँडेट. नुसतं सदस्यत्व रद्द केलंस तर परवानगी तशीच राहू शकते, आणि कधी चुकून पुन्हा सदस्यत्व चालू झालं तर पिन न विचारता पैसे जातात. नुसतं मँडेट रद्द केलंस तर पैसे थांबतात, पण कंपनीच्या लेखी तू अजून सदस्य असतेस, आणि "पेमेंट झालं नाही, दुसरा मार्ग निवडा" असे निरोप येत राहतात. घाईत त्यातल्या एकावर बोट पडलं की नवं मँडेट तयार. म्हणून आधी सदस्यत्व, मग मँडेट, याच क्रमाने.

औषधांच्या ॲपमध्ये तुझ्या नावाच्या किंवा खात्याच्या पानावर जा, तिथे सदस्यत्व किंवा मेंबरशिप असेल, त्यात खाली खाली गेलीस की रद्द करायचा पर्याय सापडेल. तो दाबल्यावर लगेच काम होणार नाही. आधी तुझं किती नुकसान होईल ते सांगतील. मग एक महिना अर्ध्या किमतीत देऊ करतील. मग "नंतर आठवण करून द्या" किंवा "थोडे दिवस थांबवा" असं मोठं रंगीत बटण येईल आणि खरं बटण खाली साध्या अक्षरांत असेल. थांबवणं म्हणजे रद्द करणं नव्हे, थांबवलेलं सदस्यत्व ठरलेल्या तारखेला आपोआप चालू होतं. रद्द झालं हे तेव्हाच समज जेव्हा पडद्यावर "तुमचं सदस्यत्व अमुक तारखेला संपेल" असं येईल आणि मेल किंवा मेसेज मिळेल. त्या पानाचा स्क्रीनशॉट घे, ज्यात तारीख आणि वेळ दिसते. पुढे भांडायची वेळ आली तर तोच तुझा पुरावा.

एक पाहून घे, पैसे कुठून भरले होतेस. तू यूपीआयने थेट भरलेस. पण एखादी ट्रायल गूगल प्ले स्टोअरमधून घेतलेली असेल तर ती त्या ॲपमध्ये रद्द होत नाही. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे आपल्या चित्रावर दाबायचं, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions, आणि ते नाव निवडून Cancel subscription. शेजारच्या काकूंनी योगाचं ॲपच फोनमधून काढून टाकलं आणि निश्चिंत झाल्या. ॲप गेलं, पैसे जात राहिले. ॲप काढल्याने ना सदस्यत्व जातं ना मँडेट, कारण ते फोनमध्ये नसतंच, ते कंपनीच्या नोंदीत आणि तुझ्या बँक खात्यावर असतं. तसंच खातं रिकामं ठेवण्याचं. पैसे नसले तर वसुली फसते, परवानगी मात्र जिवंत राहते आणि पगार जमा झाला की पुढची वसुली बरोबर लागते.

आता दुसरं दार. ज्या यूपीआय ॲपमधून तू ८४१ रुपये भरलेस ते उघड. फोनपे असो, गूगल पे असो, भीम असो, आपल्या प्रोफाइलच्या चित्रात गेलीस की Autopay नावाची जागा दिसेल. पेटीएममध्ये ती Automatic Payments अशी असते. तिथे चालू असलेल्या परवानग्यांची यादी येईल. कंपनीचं नाव निवड आणि रद्द करण्याआधी एकदा तो तपशील वाच, कारण तिथे ती गोष्ट दिसते जी बिलावर कधीच दिसत नाही. तू पाठवलेला या पानाचा फोटो पुन्हा बघ: किती वेळा पैसे काढायचे या रकान्यात As presented आहे, म्हणजे कंपनी मागेल तेव्हा. कमाल रक्कम १,५०० आहे. आणि मुदत कित्येक वर्षं पुढची. ३९९ हा आजचा भाव झाला. उद्या त्यांनी तो ६९९ केला तरी १,५०० च्या आत असल्यामुळे तुझी नवी परवानगी लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा सदस्यत्वांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची प्रत्येक वसुली पिन किंवा ओटीपी न विचारता होऊ शकते, त्यापुढेच पुन्हा विचारावं लागतं. म्हणून पैसे भरताना बिलापेक्षा हे पान वाचायला हवं. पिन टाकण्याच्या पडद्यावर Autopay शब्द दिसला की तिथेच थांबायचं, मागे जाऊन सदस्यत्वाची ओळ टोपलीतून काढायची, आणि मग ८८९ होत असतील तर होऊ दे.

मँडेट रद्द करताना तुझा यूपीआय पिन विचारतील. इथे आईच्या वयाची माणसं हमखास मागे फिरतात, कारण आपणच त्यांना शिकवलंय की पिन टाकला की पैसे जातात. ती शिकवण बरोबरच आहे, पण परवानगी दिली ती पिनने, म्हणून काढून घ्यायचीही पिननेच. फरक कसा ओळखायचा? तू स्वतः ऑटोपेच्या यादीत जाऊन ते नाव निवडलं असशील आणि पडद्यावर मँडेट रद्द करण्याचा उल्लेख असेल तर पिन टाक. पण कोणी फोन करून म्हणालं की "रद्द करायची विनंती पाठवतो, फक्त पिन टाका", तर फोन ठेवून दे. तशी विनंती म्हणजे पैसे मागणं असतं. आणि कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधून लावू नकोस, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. ॲपच्या आत किंवा बिलावर असेल तोच घे. तरी कोणी फसवलंच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लाव.

कार्डाने भरलेलं असतं तर मँडेट कार्ड देणाऱ्या बँकेकडे असतं. बँकेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असं सापडतं, ओटीपी टाकून रद्द होतं. बऱ्याच बँका त्यासाठी SI Hub नावाच्या पानावर पाठवतात. मेसेजमधल्या लिंकवरून न जाता बँकेच्या साइटवरून आत शिर, एवढं पाळ.

तुला आठवत असेल, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांची कार्डाची सदस्यत्वं एकाएकी अडकली होती. त्या १ तारखेपासून रिझर्व्ह बँकेने हा नियम लावला की पहिल्यांदा ग्राहकाची ओटीपीसारखी दुहेरी खात्री झाल्याशिवाय मँडेट होणार नाही, आणि दर वसुलीच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं. लोक तेव्हा वैतागले होते. पण त्याआधी कार्डाचा नंबर एकदा कंपनीकडे गेला की पैसे मुकाट जात राहायचे. ९ तारखेला तुला जो मेसेज येईल तो त्या नियमामुळे. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि मँडेटचा क्रमांक असतो, आणि ती वसुली नाकारायची सोयही बँकेने द्यायची असते. अडचण अशी की मेसेज इंग्रजीत येतो, ऑफरच्या ढिगात येतो, आणि कंपनीचं नाव ॲपच्या नावाशी जुळेलच असं नाही. ॲप एका नावाचं आणि मागची खासगी कंपनी दुसऱ्याच नावाची. आपल्याला वाटतं की हे आपलं नाही. म्हणून आजच ऑटोपेच्या यादीतलं नाव नेमकं वाचून ठेव. आणि त्या २४ तासांच्या मेसेजवर विसंबून राहू नकोस, तो आपला शेवटचा आधार समज.

तू विचारलंस की असं टोपलीत न विचारता टाकणं चालतं का. नाही चालत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ लिहिलंय की आधीच टिक केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती धरता येणार नाही. मग ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या मांडण्यांचे १३ प्रकार नावानिशी जाहीर केले. ग्राहकाला न विचारता टोपलीत काही घालणं हा त्यातला एक. सदस्यत्वाचा सापळा हा दुसरा, आणि त्यात रद्द करायची वाट लपवणं तर आहेच, शिवाय फुकट सदस्यत्वासाठी पैसे कापायची परवानगी द्यायला भाग पाडणंही आहे. म्हणजे तुझ्या त्या एका पानावर दोन्ही गोष्टी असू शकतात. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत ॲमेझॉनवर तिथल्या व्यापार आयोगाचा आरोपच हा होता की खरेदी करता करता लोकांना त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय प्राइमचं सदस्य केलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष कबूल न करता २५० कोटी डॉलरवर तडजोड केली, त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे. कंपनीच्या आतच त्या रद्द करण्याच्या वाटेला ट्रॉयच्या लांबलचक युद्धाच्या महाकाव्याचं, 'इलियड'चं नाव होतं, असं आयोगाने न्यायालयात मांडलं. मला ते वाचून राग आला. वाट लांब आहे हे बांधणाऱ्यांना पुरतं ठाऊक असतं.

समज, ८ तारीख हुकली आणि ३९९ गेले. तरी बसून राहू नकोस. आधी सदस्यत्व आणि मँडेट रद्द कर, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा जातील. त्याच दिवशी ॲपच्या मदतीच्या पानातून कंपनीला लेखी कळव: सदस्यत्व मी मागितलं नव्हतं, मागणीच्या बिलात ते आपोआप आलं, नव्या मुदतीत मी काहीही वापरलेलं नाही, रक्कम परत करा. सोबत बिल आणि स्क्रीनशॉट जोड. वापरलेलं नाही हे खरं असायला हवं, म्हणून पैसे गेल्यावर त्या सदस्यत्वावर एकही मागणी नोंदवू नकोस. फोनवर बोलून सोडू नकोस, तक्रारीचा क्रमांक घे. आठवड्यात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं, हिंदी तर आपल्याला जबलपूरकरांना आहेच. फोन नको असेल तर ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲप करता येतं. हेल्पलाइन दंड करत नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते, आणि लहान रकमा कंपन्या तेवढ्यावरही परत करतात असा माझा अनुभव आहे. त्यापुढे जायचं ठरलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तू राहतेस तिथल्या, म्हणजे जबलपूरच्या आयोगात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण ३९९ रुपयांसाठी त्यात किती वेळ घालायचा, ते तू ठरव.

बँकेकडे कधी यायचं हेही सांगते, कारण लोक आधी आमच्याकडे येतात आणि आम्हाला त्यांना परत पाठवावं लागतं. मँडेट तू स्वतः पिन टाकून दिलेलं असेल आणि आधी मेसेज आलेला असेल तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार बरोबर झाला, ती पैसे उलटे आणू शकत नाही. पण मेसेज आलाच नाही, किंवा मँडेट रद्द झाल्याची खूण दिसूनही नंतर पैसे कापले, तर ती बँकेची बाब. तेव्हा बँकेत लेखी तक्रार दे. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. म्हणूनच रद्द झाल्याच्या पडद्याचा फोटो घे म्हणून मी एवढं मागे लागते.

आणि आता आईचा फोन घेऊन बस. तिच्या ऑटोपेच्या यादीत काय काय आहे ते तिच्यासमोरच वाच. पण अनोळखी नाव दिसलं म्हणून झटकन रद्द करू नकोस. त्याच यादीत तिच्या विम्याचा हप्ता असेल, बाबांनी सुरू केलेली एसआयपी असेल, आणि हप्ता चुकला तर पॉलिसीच बंद पडायची. कमाल रक्कम आणि सुरू झाल्याची तारीख बघ, मग पासबुकात त्या नावाने आधी पैसे गेलेत का ते शोध. जुळत नाही असं एखादं राहिलंच तर त्याचा फोटो मला पाठव, मी उद्या बँकेतून आल्यावर बघते.